काळी चारमधली पेटी

तीन गुरुवार प्रमोदिनीताईंचा फोन आला नाही, तेव्हाच गोपाळरावांच्या मनात पाल चुकचुकली.

सव्वीस वर्षं त्या दोघांचा गुरुवार ठरलेला होता. जलप्रदाय विभागात कारकुनी करताना गोपाळराव त्यासाठी अर्धी रजा टाकायचे, आणि निवृत्त झाल्यावर तर गुरुवार हाच त्यांचा कामाचा दिवस झाला. सकाळी दहाला स्कूटरवर पायांपुढं पेटी उभी करायची, महाल भागातल्या घरातून निघायचं आणि लक्ष्मीनगरात ताईंच्या घरी जाऊन बसायचं. ताई गायच्या, हे साथ करायचे. गावातल्या लहानमोठ्या मंडळांत, गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या साठीशांतीला प्रमोदिनीताईंचं गाणं म्हटलं की पेटीवर गोपाळराव, हे कुणी विचारतसुद्धा नसे.

यंदा मे लागला आणि ताई म्हणाल्या, "घसा बसलाय हो. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस बोलूसुद्धा नका. मी कळवीन तुम्हाला."

आता घसा बसणं काही नवलाचं नव्हतं. पण जूनच्या दुसऱ्या रविवारी धंतोलीतल्या सभागृहात मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता, पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि ताई फोनवर बोलल्या त्या स्वच्छ आवाजात. बसलेल्या घशातून असा आवाज येतो का?

चौथ्या गुरुवारी त्यांच्या बायकोनं, नंदिनीबाईंनी, एका बरणीत ज्येष्ठमध आणि खडीसाखर भरून दिली. "नुसतं घरात बसून चडफडता, त्यापेक्षा जाऊन पाहून तरी या," त्या म्हणाल्या.

गोपाळराव पेटी न घेता निघाले. ताईंच्या फाटकापाशी पोचले तर आत एक काळी मोटारसायकल उभी. ती त्यांनी लगेच ओळखली. ऋषिकेशची. हा ऋषिकेश त्यांचाच शागीर्द. शाळेत असल्यापासून नऊ वर्षं त्यांच्याकडे पेटी शिकला होता. हात गोड, पण पुढं मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या कुठल्याशा कंपनीत नोकरी लागली आणि पेटी सुटली. निदान गोपाळरावांना तरी तसंच माहीत होतं.

खिडकीतला कूलर घरघरत होता. त्या आवाजात आतलं काही कळेना. एवढ्यात लाइन गेली, कूलर बसला, आणि त्या अचानक शांततेत गोपाळरावांच्या कानावर पेटी आली.

ते फाटकाच्या कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

तबला होता, तंबोरा होता, आणि पेटी होती. भजन चाललं होतं. ताईंच्या गुरूंनी बांधलेलं, ताईंच्या गाण्यात शेवटी येणारं. गळा मात्र नव्हता. वाजवणारा मुखड्यावर येताना मध्यमाला किंचित थांबून, मग गंधारावर हळूच उतरत होता. ही उतरण गोपाळरावांची स्वतःची. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, आणि आयुष्यात त्यांनी ती एकाच माणसाला शिकवली होती.

त्यांनी अजून कान दिला. पट्टीही वेगळी होती. ताई सव्वीस वर्षं काळी पाचमध्ये गायच्या, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. आत वाजत होतं ते काळी चारमध्ये, मधली पांढरी धरून चांगलं दोन घरं खाली. म्हणजे गाणारंही दुसरंच कुणी आहे की काय? साथीदार नवा, गळा नवा, आणि आपल्याला सांगायला घसा बसलेला!

बरणी तशीच पिशवीत ठेवून गोपाळराव परत फिरले.

घरी येऊन त्यांनी जेवणाच्या ताटावर सगळं सांगितलं. नंदिनीबाई म्हणाल्या, "मग आत काहून नाही गेले? विचारायचं होतं ना सरळ."

"काय विचारू वं? माह्या जागेवर कोणाले बसवलं म्हणून विचारू?"

"बसवलं की नाही, ते तर कळलं असतं."

"मले कानानं कळलं. डोळ्यानं पाहाची गरज नाही."

पण जेवण झाल्यावर त्यांना चैन पडेना. पेटी नवी असली तरी तबला ओळखीचा वाटला होता. डग्ग्यावर तळवा घासून काढलेली ती घसीट आनंदरावांची. आनंदराव म्हणजे त्यांच्या बैठकीतले जुने तबलजी. म्हणजे तोही फितूर! गोपाळरावांनी तडक फोन लावला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "काय आनंदराव, सकाळी कुठी होते गा?"

"सकाळी? अमरावतीले आहो ना मी. लेकीकडे. पंधरा दिस झाले. नातवाची मुंज आहे परवा. काहून?"

"काही नाही. सहजच."

मागं खरंच लहान पोरांचा गलका आणि लाउडस्पीकर ऐकू येत होता. फोन ठेवल्यावर गोपाळरावांचा गोंधळ वाढला. अमरावतीत बसलेला माणूस लक्ष्मीनगरात तबला कसा वाजवेल? मग त्यांनी स्वतःच उत्तर काढलं: आनंदरावाचा एखादा शागीर्द असेल. दोघांचेही शागीर्द पळवले. ताईंनी तरुण मंडळींचा नवा संच जमवला, आणि म्हाताऱ्यांना पत्रिकेवरच्या नावापुरतं ठेवलं. एकदा असं मनात घेतल्यावर सगळंच जुळत गेलं. गेल्या दिवाळीत ताई म्हणाल्या होत्या, "तुमच्या हातांना त्रास होत असेल ना आता?" तेव्हा ती काळजी वाटली होती. आता त्याचा अर्थ निराळाच लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मिहानला गेले. उन्हं नुसती भाजत होती. ऋषिकेशच्या कंपनीच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिथं तो कंपनीतल्या चार-पाच जोडीदारांबरोबर उभा होता. गोपाळरावांना पाहून तो हसत पुढं आला, वाकून पायाला हात लावायला गेला. त्यांनी पाय मागं घेतला.

"प्रमोदिनीताईकडे कधीपासून जाऊन राहिला?"

ऋषिकेशचं हसू गेलं. "दोनतीनदा गेलो, गुरुजी. थोडं काम होतं त्यांचं."

"काय काम?"

"ते... ताईंनाच विचारा ना. मी त्यांना शब्द दिला आहे."

"शब्द! मले न सांगाचा शब्द?" गोपाळरावांचा आवाज चढला. "नऊ वर्षं शिकवलं तुले. बोटं धरून शिकवलं. आणि तू माह्याच जागेवर जाऊन बसला?"

"गुरुजी, मी पेटीला दोन वर्षांत हात लावलेला नाही. आईची शपथ."

"खोटं नको बोलू. मी ऐकलं बाहेरून. मध्यमावरून गंधाराची ती उतरण तुह्याशिवाय कोणाले येत नाही या गावात."

ऋषिकेश काहीतरी बोलणार होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. टपरीवरचे त्याचे जोडीदार हातातले ग्लास तसेच धरून पाहत होते. गोपाळराव म्हणाले, "माणसानं चोरी करावी, पण घरातली करू नये," आणि स्कूटरकडे वळले. पोराच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांना ते पकडल्या गेलेल्या माणसाचं वाटलं.

पुढचा आठवडा वाईट गेला. नंदिनीबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं, "ताईंना फोन करा." त्यांनी केला नाही. मात्र पुढच्या गुरुवारी दहाच्या सुमाराला ते पुन्हा स्कूटर काढताना दिसले.

या वेळी फाटकात मोटारसायकल नव्हती. कूलरही बंद होता. एवढ्या उकाड्यात बंद, म्हणजे कुणीतरी गात असणार. आवाजात आवाज मिसळू नये म्हणून ताई गाताना कूलर नेहमी बंद ठेवायच्या. गोपाळराव फाटक न वाजवता आत शिरले आणि बाजूच्या कडुनिंबाखाली, खिडकीपासून चार हातांवर उभे राहिले. असं चोरासारखं उभं राहायची त्यांना लाज वाटली, पण पाय हलले नाहीत.

पेटी सुरू झाली. तबला सुरू झाला. आणि मग गळा लागला. दुसऱ्या कुणाचा नव्हता, ताईंचाच होता, पण कसा! तारसप्तकात जाताना ओढल्यासारखा, कडेला खरखर असलेला. मध्येच थांबला. "पुन्हा," असं ताई स्वतःशीच म्हणाल्या, आणि पेटी पुन्हा पहिल्यापासून लागली.

गोपाळराव ऐकत राहिले. ऋषिकेशची मोटारसायकल नाही, मग वाजवतंय कोण? पुन्हा तो मुखडा आला, ती उतरण आली. दुसऱ्या अंतऱ्यात पेटी पंचमावर जाताना चुकून धैवताला लागली आणि एका छोट्याशा मुरकीनं ती चूक झाकली गेली. ताई अडखळल्या. "पुन्हा." पुन्हा मुखडा, पुन्हा अंतरा, पुन्हा पंचमाऐवजी धैवत आणि तीच मुरकी.

माणूस तीच चूक दोनदा करू शकतो. पण तीच चूक, तेवढ्याच लांबीची, तशाच मुरकीनं झाकून कुणी दोनदा करत नाही. गोपाळरावांनी तर सव्वीस वर्षांत एक ओळ दोनदा सारखी वाजवली नव्हती.

आणि ही चूक त्यांना माहीत होती. गेल्या कोजागिरीला गच्चीवरच्या कार्यक्रमात मानेवर डास चावला, म्हणून त्यांचं बोट घसरलं होतं.

रेकॉर्ड! त्या रात्रीची रेकॉर्ड लागली आहे. पण कशी असेल? त्या रात्री ताई गात होत्या आणि इथं रेकॉर्डवर ताई नाहीत. शिवाय त्या रात्री काळी पाच होती. टेप हळू चालवली की पट्टी उतरते हे त्यांना ठाऊक होतं, पण मग लयही मंदावते. इथं लय होती तशीच होती. त्यांनी मध्यमाकडे कान लावला. त्यांच्या पेटीत काळी दोनचा सूर जुना झाला होता. भाता कितीही भरला तरी किंचित उशिरा बोलायचा, आणि बोलताना झिणझिणायचा. काळी पाचमध्ये गाताना तोच मध्यम होतो. आत वाजणाऱ्या पेटीतही मध्यमच उशिरा बोलत होता, झिणझिणत होता. पण काळी चारमधला मध्यम म्हणजे काळी एक, आणि त्यांच्या पेटीची काळी एक ठणठणीत होती. म्हणजे कुणीतरी त्यांची ती सबंध पेटीच, तिच्या खोडीसकट, दोन घरं खाली सरकवली होती.

आता त्यांना आणखीही ऐकू यायला लागलं. जिथं मूळ गाण्यात लांब सूर होते तिथं पेटी अचानक बारीक व्हायची, पाण्याखालून आल्यासारखी, आणि सूर संपला की पुन्हा भरायची. आणि दोन ओळींच्या मध्ये, अगदी पुसट, ताईंच्या गळ्याची सावली राहिली होती. गाणं पुसलं होतं, पण त्याचा घुमारा पुरता पुसला गेला नव्हता.

गोपाळरावांनी दार वाजवलं.

प्रमोदिनीताईंनी उघडलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. मागं टेबलावर बॅटरीवरचा लहानसा स्पीकर होता. त्यातून गोपाळराव पेटी वाजवत होते.

"बंद करा ते," गोपाळराव म्हणाले.

ताईंनी मोबाइलवर बोट टेकवलं. शांतता झाली.

"घसा बसला होता ना तुमचा?"

"बसा तरी."

"मी सव्वीस वर्षं इथं बसलो. आज उभाच ठीक आहो. मले एवढंच सांगा, ताई, मी मेलो काय? मेलेल्या माणसाची रेकॉर्ड लावतात. मी चार कोसांवर जिता आहो, आणि माही पेटी या डबीत घालून तुम्ही वाजवून राहिल्या?"

ताई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "माझा आवाज उतरला गोपाळराव. बसला नाही, उतरला. काळी पाच आता लागतच नाही. फेब्रुवारीपासून मी चोरून पाहते आहे. तारषड्जाला गेले की फाटतो. डॉक्टर म्हणाले, वय आहे, काळी चार घ्या."

"मग घ्याची ना! मले सांगाचं, मी काळी चारमधी वाजवलं असतं."

"तुम्हालाच तर सांगवेना." त्यांनी मान वर केली. "लोकांना काय कळतं, काळी चार की पाच. पण तुम्ही सव्वीस वर्षं ऐकताय. मी पहिला सा लावला असता आणि तुम्ही मान वर करून पाहिलं असतं. ते पाहणं मला नको होतं. म्हटलं, महिनाभर एकटीनं मेहनत करावी, नवी पट्टी गळ्यात बसली की मग बोलवावं. तंबोऱ्यावर नुसती गायले तर मुखडा सापडेना. तुमच्या पेटीची इतकी सवय आहे मला. म्हणून ऋषिकेशला विचारलं, कोजागिरीच्या रेकॉर्डिंगमधून माझा गळा तेवढा काढून, पेटी काळी चारवर उतरवून देशील का. त्याला गप्प राहायला मीच सांगितलं."

गोपाळराव हळूच सतरंजीवर टेकले. राग पुरता गेला नव्हता, पण त्याला धरायला जागा उरली नव्हती. आठवड्यापूर्वी टपरीवर उभ्या केलेल्या पोराचा चेहरा मात्र आठवला.

"मी त्या पोराले चोर म्हटलं," ते म्हणाले. "चारचौघांत."

ताईंनी कपाळाला हात लावला. "मला तो काहीच बोलला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपाळराव पुन्हा मिहानच्या टपरीवर गेले. मुद्दाम तीच वेळ धरली, कारण तेच जोडीदार तिथं असायला हवे होते. ते होते. ऋषिकेश त्यांना पाहून पुढं आला नाही.

"पोरांनो," गोपाळराव सगळ्यांना म्हणाले, "मागच्या शुक्रवारी मी याले चोर म्हटलं. यानं काही चोरलं नव्हतं. मीच बिनविचारानं बोललो. माफ कर बाबा, ऋषिकेश."

चहावाल्यानं इतरांबरोबर एक ग्लास गोपाळरावांपुढंही सरकवला. ऋषिकेश जमिनीकडे पाहत म्हणाला, "ठीक आहे, काका." नऊ वर्षांत तो त्यांना कधी काका म्हणाला नव्हता. गुरुजी म्हणायचा.

गोपाळरावांनी ते ऐकलं आणि गिळलं. मग म्हणाले, "एक काम आहे तुह्याकडे. नाही म्हटलंस तरी चालते."

"बोला."

"तू गळा काढून पेटी ठेवली. तसं पेटी काढून गळा ठेवता येते काय? मले काळी चारची सवय नाही. ताईसमोर अडखळलो तर त्या म्हणतील, माह्यामुळं अडखळले. घरी बसून हात बसवाचा आहे."

ऋषिकेशनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. कामाचं बोलणं निघालं तसा तो जरा सैल झाला. "नुसती पेटी उचलता नाही येणार. रेकॉर्डिंग एकात एक आहे. कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम त्याचे चार वाटे करते: गळा, तालाची वाद्यं, खर्जातलं, आणि बाकी राहिलं ते. तुमची पेटी आणि तंबोरा त्या 'बाकी'मध्ये एकत्र आहेत. शिवाय डग्गा अर्धा तालात येते, अर्धा खर्जात पळते. मी असं करतो, 'बाकी' सोडतो आणि उरलेले तीन जोडून देतो. गळा आणि तबला. दोन घरं खाली करून, लय तीच. तंबोरा तुम्ही मोबाइलवर वेगळा लावा. पण ताईंचा आवाज जाडसर वाटेल, आणि..." तो थांबला.

"आणि काय?"

"तुमची पेटी थोडी त्यांच्या गळ्यात अडकलेली आहे. लांब सुरांवर. तुम्ही इतके चिकटून जाता त्यांच्या मागे की प्रोग्रामला वाटते, एकच माणूस गाऊन राहिला. तेवढी काही निघत नाही. खूप करून पाहिलं मी."

गोपाळरावांना हसू येईल असं वाटलं. त्यांनी चहा संपवला.

फाइल त्याच संध्याकाळी आली. सोबत एक अक्षर नव्हतं. पुढचे पाच दिवस गोपाळराव सकाळ-दुपार पेटी घेऊन बसले. बोटं सवयीनं जुन्या घरांवर पडत आणि ते स्वतःवरच चिडत. नंदिनीबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "ताईंना म्हातारं करून टाकलं त्या पोरानं, कसा वाटते आवाज!" आणि मग, थोड्या वेळानं, "चांगलं वाटते पण."

गुरुवारी ते पेटी घेऊन लक्ष्मीनगरात गेले. ताईंनी काळी चारचा सा लावला आणि डोळे मिटून घेतले. गोपाळरावांनी मान वर केली नाही. पट्ट्यांकडेच पाहत ते पेटीनं गळ्यामागून गेले.

धंतोलीतला कार्यक्रम बरा झाला. आनंदराव मुंज आटोपून वेळेवर आले. दुसऱ्या अंतऱ्यात गोपाळरावांचं बोट एकदा काळी पाचच्या जागेवर गेलं आणि त्यांनी ते ओढून आणलं. ताईंनी तिरप्या नजरेनं पाहिलं, लोकांना कळलं नाही. ताईंचा गळा वरच्या षड्जाला फाटला नाही. तरी पूर्वीचं ते धारदार टोक नव्हतं, आणि ते आता येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

ऋषिकेश शेवटच्या रांगेत बसला होता. गाणं संपल्यावर गोपाळराव पेटी झाकायलाही न थांबता खाली उतरले, पण गर्दीतून वाट काढत मागं पोचेपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती. ते बाहेर आले. मोटारसायकल फाटकातून निघत होती. त्यांनी हाक मारली, "ऋषिकेश!"

तो थांबला. हेल्मेट काढलं नाही, पण गाडी बंद केली.

"पेटी आहे काय रे घरी तुह्या?"

"आहे. माळ्यावर."

"काढ खाली. भाता पाहावा लागंन. मी रविवारी येतो." आणि मग, हे आपण आज्ञेसारखं बोललो असं वाटून, त्यांनी पुढं म्हटलं, "येऊ ना?"

ऋषिकेश थोडा वेळ हँडलकडे पाहत राहिला. "या," तो म्हणाला. "दहानंतर या, गुरुजी. त्याआधी झोपलेला असतो मी."